स्टॉप पेमेंट लावलंय, पण खरंच लागलंय का? नेट बँकिंगमध्ये खात्री करण्याचा क्रम

डोंबिवली-ठाणे भागातल्या काही सोसायट्यांचे आणि दुकानदारांचे हिशेब मी बघतो. दर थोड्या दिवसांनी एक प्रश्न ठरल्यासारखा येतो: "अहो, चेक थांबवायला टाकला होता, तरी पास कसा झाला?" किंवा "स्टँडिंग इन्स्ट्रक्शन बंद केली होती, तरी पाच तारखेला पैसे गेलेच." स्टँडिंग इन्स्ट्रक्शन म्हणजे ठरलेल्या तारखेला आपोआप पैसे पाठवायची बँकेला दिलेली सूचना. बहुतेक वेळा बँकेच्या सिस्टीममध्ये बिघाड नसतो आणि माणूस खोटंही बोलत नसतो. त्याने विनंती केलेली असते. ती अमलात आली की नाही, हे मात्र बघितलेलं नसतं. पडद्यावर हिरवी बरोबरची खूण आणि रेफरन्स नंबर दिसला की काम झालं असं वाटतं. तो नंबर एवढंच सांगतो की तुमची विनंती बँकेकडे पोचली.

प्रत्येक बँकेच्या मेन्यूत नावं थोडी इकडेतिकडे असतात, त्यामुळे मी खाली लिहिलेला शब्द हुबेहूब दिसला नाही तर त्याच अर्थाचा शोधा. तपासण्यांचा क्रम बदलू नका. फुकट आणि दोन मिनिटांत होणाऱ्या आधी आहेत, शाखेत जायला लावणाऱ्या शेवटी.

लक्षणं

यातलं एक जरी दिसलं तरी पुढच्या तपासण्या करा.

- स्टॉप पेमेंट टाकून रेफरन्स नंबर आला, पण त्यानंतर "चेक थांबवला आहे" असा स्पष्ट एसएमएस आला नाही. नुसता "विनंती मिळाली" असा आला, किंवा काहीच आला नाही.
- स्टॉप पेमेंटचे चार्जेस खात्यातून कापले गेले, पण चेकची स्थिती बघितली तर तो अजून कोरा दिसतो.
- थांबवलेला चेक पास झाला.
- याच्या उलट, जो चेक चालायला हवा होता तो "पेमेंट ड्रॉवरने थांबवलं आहे" या शेऱ्यासह परत आला. ड्रॉवर म्हणजे चेक लिहून देणारा. क्लिअरिंगच्या परतीच्या मेमोवर याचा कोड २० असतो.
- बंद केलेली स्टँडिंग इन्स्ट्रक्शन पुढच्या महिन्यात पुन्हा चालली.
- कापणीच्या आदल्या दिवशी "उद्या इतके रुपये वजा होतील" असा संदेश आला, आणि तुमच्या मते ती कापणी कधीच बंद झाली होती.

पहिली तपासणी: चेक आधीच पास झालाय का?

स्टॉप पेमेंटच्या पानावर जायच्या आधी खात्याचं स्टेटमेंट उघडा. चेक दिल्याच्या तारखेपासून आजपर्यंतचा कालावधी टाका आणि चेक नंबरने शोधा. चेक पास झालेला असेल तर स्टॉप पेमेंटला काही अर्थ उरत नाही. पुढचा प्रश्न थेट शाखेचा किंवा ज्याला पैसे गेले त्याच्याशी बोलण्याचा आहे.

ही तपासणी हल्ली जास्तच महत्त्वाची झाली आहे. पूर्वी आज भरलेला चेक साधारण उद्या-परवा पास व्हायचा, म्हणून संध्याकाळी आठवलं तरी वेळ हातात असायचा. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेकच्या प्रतिमा दिवसभर सतत पुढे पाठवल्या जातात, आणि ज्याच्या खात्यावरचा चेक आहे त्या बँकेने संध्याकाळी ७ पर्यंत हो किंवा नाही कळवायचं असतं. कळवलं नाही तर चेक मंजूर धरला जातो. म्हणजे सकाळी कुणी चेक भरला आणि तुम्ही दुपारी जेवून स्टॉप टाकायला बसलात, तर तेवढ्यात तो पास झालेला असू शकतो. "मी त्याच दिवशी थांबवला होता" हे वाक्य आता पुरत नाही. किती वाजता थांबवला, हे विचारलं जातं. म्हणून विनंती केल्याबरोबर तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

दुसरी तपासणी: विनंतीची स्थिती नको, चेकची स्थिती बघा

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नेट बँकिंगमध्ये दोन वेगळी पानं असतात. एक तुमच्या विनंत्यांचं, जिथे `Request Status` किंवा `Service Requests` असं काहीतरी लिहिलेलं असतं. दुसरं चेकच्या चौकशीचं, `Cheque Status` किंवा `Cheque Status Enquiry`. पहिल्या पानावर `Submitted`, `Accepted`, कधी कधी `Success` असंही दिसतं. ते विनंतीबद्दल आहे. दुसरं पान बँकेच्या मुख्य नोंदीतून त्या एका चेकची आजची अवस्था दाखवतं, आणि काउंटरवरचा माणूस किंवा क्लिअरिंगचा विभाग चेक पास करताना हीच नोंद बघतो.

म्हणून चेकच्या चौकशीचं पान उघडा, खातं निवडा आणि चेक नंबर टाका. साधारण चारपैकी एक उत्तर येतं.

`Stopped` दिसलं तर स्टॉप लागलेलं आहे. त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या आणि निवांत व्हा.

`Unused` दिसलं तर बँकेच्या दृष्टीने तो चेक अजून कोरा, वापरण्याजोगा आहे. तुम्ही तो सही करून कुणाला दिला आहे हे बँकेला माहीत नसतं, त्यामुळे दिलेला पण अजून न भरलेला चेकही `Unused` दिसतो. स्टॉप टाकूनही हेच दिसत असेल तर स्टॉप लागलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. रेफरन्स नंबर हातात असला तरीही.

`Paid` किंवा `Passed` दिसलं तर पैसे गेले.

`Returned` दिसलं तर चेक एकदा सादर होऊन परत गेला आहे. इथे पुष्कळांचा समज होतो की आता प्रश्न मिटला. तसं नाही. खात्यात पैसे कमी होते म्हणून परत गेलेला चेक मुदतीत पुन्हा भरता येतो. त्यावर स्टॉप आहे का, हे वेगळं बघावंच लागतं.

काही बँका हा शोध फक्त कालावधी टाकून किंवा चेकबुक निवडूनच करू देतात. तिथे पूर्ण चेकबुकच्या पानांची यादी येते. ती यादी शेवटपर्यंत बघा, फक्त आपल्या चेकच्या ओळीवर थांबू नका. का, ते चौथ्या तपासणीत येईल.

तिसरी तपासणी: मंजुरी कुणाकडे अडकली आहे का?

एकट्याच्या बचत खात्याला हा प्रश्न सहसा येत नाही. सोसायटी, ट्रस्ट, भागीदारी फर्म, कंपनी किंवा "दोघांच्या सहीने" असलेलं संयुक्त खातं असेल, तर मात्र शाखेत पळायच्या आधी हे बघाच. अशा खात्यांत एक जण विनंती टाकतो आणि दुसरा ती मंजूर करतो. पैसे पाठवताना हे सगळ्यांच्या लक्षात असतं, कारण पैसे न गेल्याचा फोन समोरून येतो. स्टॉप पेमेंटलाही मंजुरी लागते हे लक्षात राहत नाही, कारण ते लागलं नाही तर कुणाचाच फोन येत नाही.

आमच्याकडच्या एका सोसायटीचं उदाहरण सांगतो. पाण्याची टाकी दुरुस्त करणाऱ्या कंत्राटदाराला ३८,५०० रुपयांचा चेक दिला होता, नंबर ०००४५७. लोकलमध्ये पाकीट गेलं, त्यातच चेक होता, असं त्याने येऊन सांगितलं. खजिनदारांनी त्याच संध्याकाळी आपल्या लॉगिनमधून स्टॉप टाकलं, रेफरन्स नंबर आला, आणि दुसऱ्या दिवशी नवा चेक लिहायला घेतला. मी त्यांना म्हटलं, "काका, सही करायच्या आधी जुन्याची अवस्था बघू या." चेकच्या चौकशीत ०००४५७ समोर `Unused` दिसत होतं. विनंत्यांच्या यादीत गेलो तर तिथे `Pending for Authorisation`. मंजुरी सेक्रेटरींच्या लॉगिनमधून व्हायची होती, आणि सेक्रेटरी गणपतीसाठी कोकणात. त्यांना फोन केला. त्यांनी गावाकडूनच बँकेच्या ॲपमध्ये जाऊन मंजुरी दिली आणि ओटीपी टाकला. आम्ही पान पुन्हा उघडलं तेव्हा `Stopped` आलं होतं. त्यानंतरच नव्या चेकवर सही झाली.

मंजुरीच्या रांगेत पडलेली विनंती कायम तिथे राहत नाही. बँकेने ठरवलेल्या दिवसांनंतर ती आपोआप रद्द होते आणि बऱ्याचदा त्याचा एसएमएसही येत नाही. विनंती टाकताना मंजुरी देणारा माणूस उपलब्ध आहे का, हे आधीच विचारून घ्या. तो आजारी असेल किंवा पदावरून गेला असेल, तर नेट बँकिंगच्या नादी न लागता सोसायटीच्या शिक्क्यासह लेखी अर्ज घेऊन शाखा गाठा. नवी कमिटी निवडून आली आणि बँकेत सह्या बदलायच्या राहिल्या, की हाच घोळ हमखास होतो.

चौथी तपासणी: बरोबर नंबर, बरोबर खातं

चेकच्या खालच्या पांढऱ्या पट्टीवर आकड्यांचे चार गट असतात. डावीकडचे पहिले सहा आकडे म्हणजे चेक नंबर. त्यापुढचे नऊ आकडे शहर, बँक आणि शाखेचे. मुंबई परिसरात ते बहुधा ४०० ने सुरू होतात. मग सहा आकडे खात्याशी संबंधित आणि शेवटी दोन आकडे चेकच्या प्रकाराचे. घाईत माणसं तिसरा गट चेक नंबर म्हणून टाकतात, कारण तोही सहा आकडीच असतो. काही सिस्टीम "असा चेक या खात्याला दिलेला नाही" म्हणून लगेच अडवतात. काही विनंती घेतात आणि मग मागच्या मागे ती नाकारली जाते.

दुसरी चूक सुरुवातीच्या शून्यांची. नंबर ०००४५७ असेल तर सहाही आकडे टाका. नुसतं ४५७ टाकून चालतं का, हे बँकेवर अवलंबून आहे, आणि ते आजमावून बघण्यात काही फायदा नाही.

तिसरी जास्त त्रासदायक. स्टॉपच्या फॉर्ममध्ये `From` आणि `To` असे दोन रकाने असतात, कारण पूर्ण चेकबुक हरवलं तर एकदम थांबवता यावं. एकच चेक थांबवायचा असेल तर दोन्हीकडे तोच नंबर लागतो. एका दुकानदाराने `From` मध्ये हरवलेल्या चेकचा नंबर टाकला आणि `To` मध्ये चेकबुकातल्या शेवटच्या पानाचा. त्याला वाटलं तिथे चेकबुकची हद्द विचारली आहे. पुढच्या आठवड्यात त्याने माल घेतलेल्या दोन व्यापाऱ्यांचे चेक परत गेले. खात्यात पैसे भरपूर होते, पण बाजारात बोलणी खायला लागली. म्हणूनच वर म्हटलं की पूर्ण यादी बघा. आपल्या चेकसमोर `Stopped` हवं, आणि बाकीच्यांसमोर ते नको.

आणि खातं. एकाच ग्राहक क्रमांकाखाली बचत, चालू आणि ओव्हरड्राफ्ट अशी दोन-तीन खाती असली की फॉर्म आपणहून पहिलं खातं निवडून ठेवतो. चेकवर छापलेला खाते क्रमांक आणि फॉर्ममधला क्रमांक शेवटच्या चार आकड्यांपर्यंत जुळवा.

मध्येच एक गोष्ट: तीन महिन्यांवर विसंबू नका

"चेक तीन महिन्यांचा झाला, आता तो शिळा, स्टॉपची गरजच नाही," असं अनेक जण म्हणतात. १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत तीन महिने आहे हे खरं, पण ती चेकवर लिहिलेल्या तारखेपासून मोजतात. सुरक्षा म्हणून दिलेल्या कोऱ्या चेकवर तारीखच नसते. तो दोन वर्षांनीही कुणी आजची तारीख घालून भरू शकतो. अशा चेकला स्टॉप लावलं असेल तर ते चालू आहे ना, हे वर्षातून एकदा दुसऱ्या तपासणीप्रमाणे बघत जा. बँकेची सिस्टीम बदलली किंवा बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, तर त्यानंतर लगेच बघा.

पाचवी तपासणी: स्टँडिंग इन्स्ट्रक्शन कुठल्या जातीची आहे?

आता चेक बाजूला ठेवू. दर महिन्याला आपोआप जाणाऱ्या प्रत्येक रकमेला लोक "स्टँडिंग इन्स्ट्रक्शन" म्हणतात, आणि एका ठिकाणी बंद केली की संपली असं समजतात. प्रत्यक्षात त्या चार वेगवेगळ्या जागी नोंदलेल्या असतात, आणि एका जागची यादी दुसऱ्या जागेला ठाऊक नसते. आधी जात ओळखा. त्यासाठी मागच्या महिन्याच्या कापणीची स्टेटमेंटमधली ओळ नीट वाचा.

ओळीत `ACH` किंवा `NACH` असेल तर तो मँडेट आहे, म्हणजे एखाद्या कंपनीला तुमच्या खात्यातून ठरावीक वेळी पैसे घेण्याची तुम्ही दिलेली परवानगी. कर्जाचा हप्ता दुसऱ्या बँकेचा असेल, म्युच्युअल फंडाची एसआयपी असेल, विम्याचा हप्ता असेल तर बहुधा हाच प्रकार. `UPI` आणि सोबत मँडेट किंवा ऑटोपे असं काही असेल तर ते तुमच्या यूपीआय ॲपमधून दिलेलं आहे. नुसतं `SI` असेल तर जरा थांबा, कारण ही दोन अक्षरं दोन ठिकाणी वापरली जातात. त्यांच्या आजूबाजूला कार्डाचा अर्धा झाकलेला नंबर दिसला तर ती कार्डावरची ई-मँडेट आहे. समोर दुसऱ्या खात्याचा नंबर, आरडीचा नंबर किंवा माणसाचं नाव असेल, तर ती बँकेच्या आतली खरी स्टँडिंग इन्स्ट्रक्शन.

ही ओळख पटल्याशिवाय पुढे गेलात तर `Standing Instructions` चं पान रिकामं दिसेल, तुम्ही "बंद झाली आहे" म्हणून सुटकेचा श्वास सोडाल, आणि एसआयपीचे पैसे दहा तारखेला जातील. ती त्या पानावर कधी नव्हतीच.

सहावी तपासणी: पुढची तारीख बघा

बँकेच्या आतल्या इन्स्ट्रक्शनसाठी `Standing Instructions` मध्ये जाऊन `View` करा. `Active`, `Cancelled`, `Expired` अशी स्थिती दिसते, पण माझा भरवसा दुसऱ्याच रकान्यावर जास्त आहे. तो `Next Execution Date` किंवा तशाच नावाचा असतो. तिथे येणारी तारीख असेल तर इन्स्ट्रक्शन जिवंत आहे. तो रिकामा असेल किंवा ओळच यादीतून गेली असेल, तर ती संपली.

एवढ्यावर थांबू नका. शेजारीच `Scheduled Transfers` किंवा `Scheduled Payments` नावाची दुसरी यादी असते. पुढच्या तारखेला पैसे पाठवण्याची सोय वापरून कुणी "दर महिन्याला" असं निवडलं असेल, तर ती कापणी तिथे नोंदलेली असते. दोन्ही यादी बघा.

वेळेचंही गणित आहे. अशा इन्स्ट्रक्शन बँकेची सिस्टीम दिवसाच्या सुरुवातीला, बहुधा भल्या पहाटे, एकगठ्ठा चालवते. पाच तारखेचं भाडं थांबवण्यासाठी चार तारखेला रात्री अकराला रद्द केलं, तर यादी आधीच काढलेली असू शकते. किमान दोन-तीन कामाचे दिवस आधी रद्द करा. तेवढा वेळ नसेल तर ऑनलाइन रद्द करा आणि सकाळी शाखेला फोनही करा.

गावातल्या गाळ्याचं भाडं दर महिन्याला मालकाला पाठवणारे एक गृहस्थ गाळा सोडल्यावर म्हणाले, "मी मालकाचं नावच पेयीमधून काढून टाकलं, आता कुठून जाणार?" पेयी, म्हणजे पैसे पाठवण्यासाठी नोंदवलेलं नाव, काढणं आणि इन्स्ट्रक्शन रद्द करणं या वेगळ्या क्रिया आहेत. पेयी गेला तरी यादीत ओळ दिसत असेल, तर ती रद्द करायचीच राहिली आहे असं धरा.

खात्यात पैसे नसल्याने कापणी झाली नाही, म्हणजे इन्स्ट्रक्शन बंद झाली, हाही चुकीचा समज. काही बँका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करतात, आणि पुढच्या महिन्यात तर ती पुन्हा येणारच. न झालेल्या कापणीचे चार्जेस वर बसतात ते वेगळेच.

त्याच बँकेचं कर्ज असेल तर हप्ता वसूल करण्याची नोंद कर्जखात्याच्या बाजूला असते. ती तुम्हाला नेट बँकिंगमधून काढता येत नाही, शोधत बसू नका.

सातवी तपासणी: मँडेट, कार्ड आणि यूपीआय

`NACH` मँडेटसाठी नेट बँकिंगमध्ये `Mandate` नावाचा भाग शोधा. प्रत्येक मँडेटला वीस अक्षर-अंकांचा एक क्रमांक असतो, त्याला यूएमआरएन म्हणतात. एकाच कंपनीचे दोन मँडेट असणं अगदी नेहमीचं आहे. एसआयपी वाढवताना नवा दिला, जुना तसाच राहिला. म्हणून नाव बघून रद्द करू नका, यूएमआरएन बघून करा. फंड कंपनीकडे एसआयपी बंद केली तरी बँकेकडचा मँडेट `Active` दिसू शकतो. त्यातून लगेच पैसे जातील असं नाही, पण दार उघडं आहे. आणि रविवार किंवा बँकेची सुट्टी आहे म्हणून हा हप्ता अडणार नाही, कारण १ ऑगस्ट २०२१ पासून ही यंत्रणा सगळे दिवस चालते.

कार्डावरच्या ई-मँडेट कार्डाच्या विभागात वेगळ्या दिसतात. इथे एक चांगली सोय आहे. अशी कापणी होण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने ग्राहकाला कळवणं बंधनकारक आहे, आणि त्या संदेशातून ती नाकारण्याचा मार्गही द्यावा लागतो. हा संदेश आला म्हणजे ई-मँडेट जिवंत आहे, मग तुम्हाला काहीही आठवत असो. यूपीआयची ऑटोपे ज्या ॲपमध्ये दिली त्या ॲपमध्ये आधी बघा. फोन बदलताना ॲप बदललं असेल आणि नव्यात ती दिसत नसेल, तर जुनं ॲप पुन्हा घालून बघावं लागू शकतं.

आणखी एक गोष्ट बजावून सांगतो. कर्जासाठी दिलेले चेक थांबवले म्हणजे हप्ता थांबला असं नाही. हप्ता मँडेटवरून जात असतो, चेक फक्त कपाटात असतात.

इथे थांबा, आता शाखेत जा

चेकच्या चौकशीत अजूनही `Unused` आहे आणि चेक दुसऱ्याच्या हातात आहे, तर ऑनलाइन तिसऱ्यांदा प्रयत्न करू नका. शाखेत लेखी अर्ज द्या. त्यात खाते क्रमांक, सहा आकडी चेक नंबर, चेकवरची तारीख, रक्कम, कुणाच्या नावे आणि ऑनलाइन विनंतीचा रेफरन्स नंबर लिहा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि वेळ घ्या. अर्ज घेणाऱ्याला म्हणा, "साहेब, सिस्टीममध्ये लागलं का ते आत्ताच बघून सांगा." बघायला त्यांना फार वेळ लागत नाही.

स्टॉप उठवायचं असेल, म्हणजे हरवलेला चेक सापडला आणि तोच वापरायचा आहे, तरीही बऱ्याच बँकांत शाखेतच जावं लागतं. माझा सल्ला विचाराल तर तो चेक फाडून टाका आणि नवा द्या. जुना उठवल्यावर तो खरंच उठला का, ही तपासणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

चेकबुक चोरीला गेलं असेल किंवा कुणी खोटी सही केल्याचा संशय असेल, तर स्टॉप लावून लगेच शाखेला लेखी कळवा आणि पोलिसांत तक्रार द्या. तुम्ही न केलेल्या ऑनलाइन व्यवहारांतून पैसे गेलेले दिसले तर १९३० या नंबरवर फोन करा आणि त्याच दिवशी बँकेत तक्रार नोंदवा. दिवस जातील तशी तुमची बाजू कमकुवत होते.

देणं खरं आहे, पण भांडण झालं म्हणून चेक थांबवलाय, अशी गोष्ट असेल तर बँकेचं काम संपलं, वकिलाचं सुरू झालं. स्टॉप पेमेंटमुळे परत गेलेल्या चेकवरही निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली खटला होऊ शकतो. समोरच्याला चेक परत गेल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवता येते, आणि नोटीस मिळाल्यापासून तुम्हाला पैसे द्यायला १५ दिवस मिळतात. स्टॉप लावलं त्या दिवशी खात्यात पुरेसे पैसे होते हे दाखवणारं स्टेटमेंट आणि थांबवण्याचं कारण सांगणारा पत्रव्यवहार जपून ठेवा, आणि नोटीस आल्यावर पंधरावा दिवस उजाडायची वाट न बघता वकिलाला भेटा.

स्टॉप वेळेत लागल्याचा पुरावा तुमच्याकडे आहे आणि तरीही बँकेने चेक पास केला, तर आधी बँकेकडेच लेखी तक्रार करा आणि तक्रार क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार करता येते, त्यासाठी पैसे लागत नाहीत. तिथे तीन कागद जोडा: विनंतीची वेळ दाखवणारा स्क्रीनशॉट, चेकसमोर `Stopped` दाखवणारा स्क्रीनशॉट, आणि पैसे गेल्याची तारीख असलेलं स्टेटमेंट. फक्त पहिलाच हातात असेल, तर बँक म्हणते की विनंती आली होती पण ती पूर्ण झाली नव्हती, आणि मग ते खोडून काढणं फार अवघड जातं.